मदत हवी आहे: पिव्होट शून्य नसतानाही एलिमिनेशनचे उत्तर साफ चुकते, ते का?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकासाठी रेषीय समीकरणे सोडवणारा गाऊस एलिमिनेशनचा प्रोग्राम मी स्वतः लिहीत आहे. पिव्होट शून्य आला तर भागाकार शक्य नसतो, म्हणून तेवढ्याच वेळी ओळींची अदलाबदल करावी, अशी माझी समजूत होती आणि प्रोग्रामही तसाच लिहिला आहे. पुढील दोन समीकरणांत मात्र पिव्होट शून्य नाही, केवळ लहान आहे.

```
1e-20 x + y = 1
      x + y = 2
```

दोन्ही अज्ञातांचे खरे उत्तर जवळजवळ 1 आहे, हे नुसते पाहूनही कळते. `numpy.linalg.solve` सुद्धा `[1. 1.]` असेच दाखवते. माझा प्रोग्राम मात्र x = 0 आणि y = 1 असे सांगतो. मुख्य ओळी अशा आहेत:

```python
m = A[1,0] / A[0,0]
A[1] = A[1] - m*A[0]
b[1] = b[1] - m*b[0]
y = b[1] / A[1,1]
x = (b[0] - A[0,1]*y) / A[0,0]
```

बीजगणितात चूक सापडत नाही. मग पायरी बरोबर असूनही उत्तर कशाने बिघडते, हे कोणी समजावून सांगेल का?

सातपूरकर

तुमची समीकरणेच नाजूक आहेत. ज्या मॅट्रिक्समध्ये एक सहगुणक 1 आणि दुसरा 1e-20 आहे, ती ‘इल-कंडिशन्ड’ असणारच आणि अशा वेळी कोणत्याही पद्धतीकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. संगणक साधारण 16 अंकच सांभाळतो, त्यामुळे जास्त अंकांची संख्या वापरून पाहा.

अंकगणिती

सातपूरकरांनी 16 अंकांचा मुद्दा योग्य मांडला आहे. दोष मात्र समीकरणांवर ढकलता येणार नाही. 1e-20 च्या जागी सरळ शून्य लिहून पाहा. y = 1 आणि x + y = 2 यांत नाजूक असे काहीच नाही. या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर सुमारे 2.6 आहे, म्हणजे माहितीत किंचित फरक पडला तर उत्तरातही तितपतच फरक पडेल. प्रश्न निरोगी आहे. तो सोडवताना आपण निवडलेला क्रम त्याला आजारी करतो.

आता तुमच्या प्रोग्रामच्या दुसऱ्या ओळीपाशी थांबा. m चे मूल्य 1e20 होते आणि दुसऱ्या समीकरणात y चा नवा सहगुणक 1 − 1e20 असायला हवा. पण 1e20 च्या आसपास, संगणकाच्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेत, लागोपाठच्या दोन संख्यांमधील अंतर 16384 असते. त्या पट्टीवर 1 मांडायला जागाच नाही, म्हणून वजाबाकीचे उत्तर −1e20 असे साठवले जाते. उजव्या बाजूचा 2 त्याच प्रकारे नाहीसा होतो आणि तेथेही −1e20 उरतो. भागाकार केल्यावर y बरोबर 1 येतो. खरे मूल्य 1 पेक्षा केवळ 1e-20 ने कमी आहे, म्हणजे ही चूक नगण्य वाटते. परंतु x काढताना 1 मधून y वजा करून 1e-20 ने भागायचे असते, आणि x ची सारी माहिती त्या हरवलेल्या फरकातच होती. वजाबाकी शून्य झाली, म्हणून x ही शून्य.

दुसऱ्या समीकरणात y चा सहगुणक 1 ऐवजी 500 ठेवून प्रोग्राम चालवा. उत्तर पुन्हा x = 0, y = 1 असेच येईल, कारण मोठ्या m ने त्या ओळीचे मूळ आकडे पुसून टाकले आहेत. तुमचा प्रोग्राम दुसरे समीकरण खऱ्या अर्थाने वाचतच नाही.

ओळींची अदलाबदल केली की m = 1e-20 होतो; तेव्हा 1 मधून 1e-20 वजा होताना हरवतो तो नगण्य भाग, आणि उत्तर 1, 1 असे येते. आंशिक पिव्होटिंगचा नियम एवढाच: त्या स्तंभात पिव्होटच्या जागी व त्याखाली जे आकडे उरले आहेत, त्यांतील निरपेक्ष मूल्याने सर्वांत मोठा आकडा वर आणायचा, म्हणजे कोणताही m 1 पेक्षा मोठा होत नाही. `solve` आतून हेच करते.

x = 0 आल्यामुळे चूक निदान डोळ्यांत भरली. पिव्होट 1e-10 ठेवलात तर x = 1.0000000827 असे काहीसे येईल, जेथे खरे उत्तर 1.0000000001 आहे. निम्मे अंक वाया गेले, तरी उत्तर दिसायला निर्दोष. मला अशी उत्तरे अधिक धोकादायक वाटतात.

पिंपळगाव_शीतगृह

माझा अनुभव वेगळा आहे. द्राक्षांच्या शीतगृहाच्या भिंतीत थरागणिक तापमान किती असेल, याचा हिशेब मी कित्येक वर्षे याच पद्धतीने करतो आणि ओळींची अदलाबदल कधीही केलेली नाही. आकडे प्रत्यक्ष मोजमापाशी जुळतात. मग हा सगळा खटाटोप खरोखर आवश्यक आहे का?

अंकगणिती

आपल्या हिशेबात तो आवश्यक नाही, आणि त्याला कारण आहे. भिंत एकाच पदार्थाची व थर सारख्या जाडीचे असतील, तर प्रत्येक समीकरणात कर्णावर 2 आणि दोन्ही शेजाऱ्यांचे −1 असतात. एलिमिनेशन करत गेल्यावर पिव्होट 2, 3/2, 4/3, 5/4 असे उतरतात, पण 1 च्या खाली कधीच जात नाहीत. ही त्या मॅट्रिक्सच्या घडणीची कृपा आहे. गोदाकाठ यांच्या प्रोग्रामला कोणतीही मॅट्रिक्स दिली जाऊ शकते, तेथे असा भरवसा धरता येत नाही.

गोदाकाठ

सहगुणक 500 करून पाहिला. उत्तर खरोखरच बदलले नाही. आता अदलाबदलीचा नियम घातला आहे आणि मूळ उदाहरण सुटते. मात्र पहिल्या समीकरणाला दोन्ही बाजूंनी 1e21 ने गुणल्यावर ते 10x + 1e21 y = 1e21 असे होते. आता 10 हा 1 पेक्षा मोठा असल्याने नियम अदलाबदल करत नाही आणि पुन्हा x = 0 येतो. `solve` सुद्धा तेच देते! मग त्या नियमाचा उपयोग काय?

अंकगणिती

उत्तम उदाहरण शोधलेत. 10 मोठा दिसतो तो केवळ त्या ओळीचे एकक बदलल्यामुळे. स्वतःच्या ओळीतील 1e21 पुढे तो पूर्वीइतकाच क्षुल्लक आहे. म्हणून प्रत्येक उमेदवाराला त्याच्याच ओळीतील सर्वांत मोठ्या आकड्याने भागून मग तुलना करावी. पहिल्या ओळीचे गुणोत्तर 1e-20 येते, दुसरीचे 1, आणि दुसरी ओळ वर जाते.

पडताळणी करतानाही हीच काळजी घ्या. आलेले उत्तर मूळ समीकरणांत घातले तर पहिल्यात फरक शून्य येतो आणि दुसऱ्यात 1. तो 1 जर 1e21 शी ताडून पाहिलात तर उत्तर अप्रतिम वाटेल. प्रत्येक ओळीचा फरक त्याच ओळीच्या आकड्यांशी ताडला, तरच दुसरे समीकरण पाळले गेलेले नाही हे उघड होते.

सातपूरकर

कंडिशन नंबरचा मुद्दा मान्य आहे. पण मग सुरुवातीलाच सर्व ओळी समान पातळीवर का आणू नयेत? आणि ओळींसोबत स्तंभही बदलले, तर काम अधिक पक्के होणार नाही का?

अंकगणिती

स्तंभही बदलणे अधिक सुरक्षित आहे, पण प्रत्येक पायरीला उरलेला सारा चौकोन धुंडाळावा लागतो आणि व्यवहारात त्या खर्चाचा मोबदला क्वचितच मिळतो. सुरुवातीलाच पातळी जुळवण्याविषयी मात्र मी ठाम मत देणार नाही. या उदाहरणात ते पुरते, परंतु ज्या हिशेबात ओळींचे लहान-मोठेपण मोजमापाची अचूकता दर्शवते, तेथे सरसकट जुळवणी केल्याने भरवशाच्या व बेभरवशाच्या समीकरणांना सारखेच वजन मिळते.

गोदाकाठ

गुणोत्तराचा नियम आता घालतो. प्रत्येक ओळीतील सर्वांत मोठा आकडा एकदाच सुरुवातीला काढून ठेवावा, की प्रत्येक पायरीनंतर बदललेल्या ओळीवरून नव्याने काढावा?