सगळ्या मोठ्यांना ‘ती.’, सगळ्या लहानांना ‘चि.’?

फडताळ: मुलाच्या मुंजीचं आमंत्रण नातेवाइकांना हातानं पत्र लिहून पाठवतोय. मायन्याचा उगाच बाऊ करतात लोक. आपल्यापेक्षा मोठा तो ती., लहान तो चि., संपलं.

जुनी दौत: हा नियम पहिल्याच पाकिटाला आपटेल. माझा धाकटा मामा माझ्याहून लहान आहे. त्याला चि. लिहून अनेक उत्तम आशीर्वाद देऊ? आजी पत्र फाडून हातात ठेवेल. मायना नात्यावर ठरतो, वयावर नाही. आईवडील, आजीआजोबा तीर्थरूप. काका, मामा, सासरे तीर्थस्वरूप. पुतणे, भाचे चिरंजीव.

आणि मायना लिहून भागत नाही. त्याच्यामागून येणारा नमस्कार आणि शेवटची सही त्याच्याशी जुळावी लागते. वडिलांना लिहायचं तर ‘ती. बाबांचे सेवेशी, बालक अमुकचा शि. सा. न. वि. वि.’ मजकूर संपला की घरातल्या बाकीच्यांची वाटणी: ‘ती. सौ. आईस सा. न., चि. बाळूस अ. उ. आ.’ कुणी राहिलं तर पुढच्या सुट्टीत ऐकून घ्यायचं. मागे एका भाच्याचं पत्र आलं, वर ती. आणि लगेच खाली स. न. वि. वि. अरे, सप्रेम नमस्कार मित्राला, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीला!

पोस्टकार्डवाला: नात्याचं पटलं. पण तीर्थरूप-तीर्थस्वरूप ही वाटणी शाळेतल्या पत्रलेखनाची. जुन्या मोडी पत्रांत वडिलांनाही तीर्थस्वरूप लिहिलेलं सापडतं. मी एकदा तुमच्यासारखाच काटेकोरपणा केला आणि काकांना ‘ती. स्व.’ लिहिलं. काकूचा फोन आला, ‘अरे, माणूस समोर चहा पितोय आणि तू त्याला स्वर्गीय केलास?’ तेव्हापासून सगळ्यांना नुसतं ती.

जुनी दौत: बरं, काकांच्या दीर्घायुष्यासाठी एवढी सूट. तीर्थस्वरूप पूर्ण लिहा, शाई काही इतकी महाग नाही.

मुक्ता इंदूरकर: तुम्ही ती. आणि चि. घेऊन बसलात, आणि ‘गं. भा.’बद्दल कुणी बोलत नाही. बाबा गेले त्याच महिन्यात मोठ्या काकांचं कार्ड आलं. तोवर त्यांच्या प्रत्येक कार्डावर ‘चि. सौ. वहिनीस’ असायचं. या वेळी सौ. गेलं होतं आणि ठळक अक्षरात गं. भा. आलं होतं. उघडं कार्ड, पोस्टमननं वाचलेलं. आईनं ते फळीवर उलटं ठेवलं. पुरुषाची बायको गेली तर त्याच्या नावामागचं श्री. बदलतं का?

पोस्टकार्डवाला: काकांनी अपमान करायला लिहिलं नसणार. गंगाभागीरथी म्हणजे पवित्र, मानाचंच आहे ते.

मुक्ता इंदूरकर: मान कुणी मागितला होता? 2023 साली महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी हेच सुचवलं, विधवांना गं. भा. म्हणावं. केवढा गदारोळ झाला आठवतोय ना? ज्यांना ते लावायचं त्या बायकांना आधी विचारा.

पोस्टकार्डवाला: म्हणजे आता सगळी परंपराच गुन्हेगार. छान.

जुनी दौत: इथे मुक्ताताईंचं बरोबर आहे. ‘ती. आईस’ एवढं लिहिलं तर काय अडतं? तीर्थरूप म्हणून झाल्यावर नवरा जिवंत आहे की नाही ते पाकिटावर कशाला?

रानवारा: तुमचा साष्टांग नमस्कार म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे. आमच्या आज्याच्या पत्रात दंडवत असायचा, आणि मित्राच्या घरी काकालासुद्धा ‘सप्रेम जय भीम’. तीर्थरूप आमच्याकडेही लिहीत, पण शि. सा. न. वि. वि. पाठ नाही म्हणून मराठीच्या मास्तरांनी अर्धा गुण कापला होता. घरी असं कुणी लिहीतच नव्हतं, पाठ कुठून होणार?

जुनी दौत: गुण कापायला नको होता. पण वर ती. असेल तर खाली दंडवतच शोभतो, रामराम नाही. जुळणी हवीच, एवढंच म्हणतोय.

रानवारा: रामराम घालून बघा एकदा आमच्या चुलत्याला, किती खूश होतो.

शाईपेन: लग्नपत्रिकेत मुलीच्या नावाआधी चि. सौ. कां. छापतात, तेच मुंजीच्या पत्रात बटूला चालेल का?

मुक्ता इंदूरकर: बटूला सौभाग्याची कांक्षा? नुसतं चि. लिहा.

फडताळ: अहो, माझी पत्रं राहिली बाजूला! धाकट्या मामाला ती., कबूल. पण जावयाचं काय? धाकट्या बहिणीचा नवरा, वयानं माझ्याहून मोठा.

जुनी दौत: श्री. रा. रा. अमुकराव यांसी, स. न. वि. वि. जावई मानाचा.

पोस्टकार्डवाला: बहीण धाकटी, मग तिचा नवराही चि. आत्ताच म्हणालात ना, मायना नात्यावर ठरतो, वयावर नाही?

जुनी दौत: तुमच्या बहिणीच्या नवऱ्याला लिहा चि., आणि दिवाळीला तो येतो का ते कळवा.