अनुभव धागा: टीममधला तुमचा रोल तुम्हाला कसा सापडला?

डोटा २ मध्ये मी जवळजवळ वर्षभर कॅरी, म्हणजे एक नंबर खेळले. निशाणा बरा होता, लास्ट हिटही चुकत नसत, तरी प्रत्येक मॅचनंतर डोकं दुखायचं. बाकीचे चौघं माझ्यासाठी सोनं सोडतात आणि मी एकदा चुकीच्या जागी मेले की सगळ्यांची दहा मिनिटांची मेहनत वाया, हे ओझं मला पेलत नव्हतं.

एकदा कोणीच तयार नव्हतं म्हणून पाच नंबर, म्हणजे सपोर्ट घेतला. पहिली गोष्ट शिकले ती स्टॅकिंग. जंगलातला कॅम्प रिकामा असेल तर पूर्ण मिनिटाला तिथे नवे प्राणी येतात. म्हणून ५३ ते ५५ सेकंदांच्या सुमारास एकाला फटका मारायचा आणि पळत सुटायचं. सगळे मागे येतात, ठोक्याला कॅम्प रिकामा असतो आणि दुसरा घोळका तयार होतो. आधी मी ४९ ला मारायचे. प्राणी पाठलाग सोडून ठोक्याआधीच परतायचे, नवं काहीच यायचं नाही. मग घाबरून ५८ ला मारलं, तर ते अजून आतच. प्रत्येक कॅम्पची वेळ जराशी वेगळी असते, ती हातात बसायला आठवडा गेला. पण चूक झाली तर एका मिनिटाचीच, पुढच्या मिनिटाला नवी संधी. माझ्या स्वभावाला हे मानवलं.

तुमचं कसं ठरलं? नुसतं रोलचं नाव नको, नेमका प्रसंग लिहा.

पहिलापाऊल: मी चारचौघांत फार बोलत नाही, पण काउंटर-स्ट्राइकमध्ये एंट्री खेळतो. साइटवर सगळ्यांत आधी शिरायचं. बऱ्याचदा मरतोच. मात्र मरता मरता "डावीकडे, खोक्यामागे" एवढं सांगितलं आणि मागच्याने लगेच त्याला टिपलं, तर माझं काम झालं. मागचा दोन-तीन सेकंद उशिरा आला तर ते मरण फुकट जातं. मेल्याचं वाईट वाटत नाही, म्हणूनच हा रोल जमतो.

संथवाहिनी: माझं साधं मत आहे. शांत माणसाने सपोर्ट घ्यावा, तापट माणसाने पुढे जावं.

पाचवागडी: संथवाहिनी, अर्धंच पटलं. मी सपोर्ट खेळतो आणि टीममध्ये सगळ्यांत जास्त मीच बोलतो. समोरचा मिडवाला दिसेनासा झाला की सांगायचं, वॉर्ड संपत आला की सांगायचं. ऑब्झर्व्हर वॉर्ड सहा मिनिटं टिकतो, ते घड्याळ सतत डोक्यात चालू लागतं. गप्प राहणाऱ्याला हे जड जाईल.

नेमबाज_नवा: मला स्नायपर व्हायचंय. माउसची सेन्सिटिव्हिटी किती ठेवू?

जुनाखेळाडू: नेमबाज, धाग्याचा प्रश्न वेगळा आहे, पण तुझ्यासाठीही लागू पडतो. एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक ४७५० डॉलरची, आणि ती घेऊन मेलास की बंदूक बहुधा समोरच्याच्या हाती. एका कोपऱ्यावर वीस सेकंद काही न करता थांबता येतं का, आणि एक गोळी चुकल्यावर लगेच मागे सरता येतं का, हे आधी बघ. सेन्सिटिव्हिटी नंतर.

मी स्वतः अँकर आहे. साइटवर एकटा. सुरुवातीला मला वाटायचं, पाचही जणांना मारायचंय. दर राउंडला बाहेर झेपावायचो आणि पहिल्या तीन सेकंदांत आडवा. एका मित्राने माझ्याच मॅचचे दहा डेमो, म्हणजे रेकॉर्डिंग बघायला लावले. मी कितव्या क्रमांकाने मेलो आणि तेव्हा साथीदार कुठे होते, एवढंच लिहायचं. जवळजवळ प्रत्येक वेळी ते निम्म्या वाटेवर होते. माझं काम त्यांना पोचायला वेळ मिळवून देणं होतं. मग वाटेवर आगीचा ग्रेनेड टाकायचो, एक गोळी झाडून जागा बदलायचो. मारलेल्यांचा आकडा घसरला, साइट मात्र टिकू लागली. ज्याला स्कोअरबोर्ड बघितल्याशिवाय चैन पडत नाही त्याला हे पचणार नाही. मलाही पचायला वेळ लागला.

ढालवाली: ओव्हरवॉच २ मध्ये एकच टँक आला तेव्हा माझं बिनसलं. पूर्वी दुसरा टँक सोबत असायचा, चूक वाटली जायची. आता मी मागे सरले की सगळी टीम उघडी पडते. स्वभाव तोच, रोलही तोच, पण जमेनासं झालं. त्यामुळे स्वभावावरून रोल ठरवा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: रोलच बदलला तर?

पहिलापाऊल: ढालवाली, माझं तर मागे कोण आहे त्यावरच ठरतं. ओळखीचा मित्र असला तर एंट्री. अनोळखी चौघं असले की दुसरा शिरतो, कारण माझ्यामागे कोणी येईल याचा भरवसा नसतो.

ढालवाली: मग मीही काही दिवस हीलर खेळून बघते. आठवड्याने इथेच लिहीन.