वर्षाच्या मध्येच फी वाढली, शाळेला पत्र देतोय

तिसरीतल्या मुलीचा बाबा

जूनमध्ये वर्षाची फी ७२,००० रुपये सांगितली होती, ३६,००० चे दोन हप्ते. पहिला भरला. आता नोव्हेंबरात शाळेच्या ॲपवर दुसरा हप्ता ४१,४०० दिसतोय. खाली फक्त 'सुधारित शुल्क' एवढंच. परिपत्रक नाही, कारण नाही. मुख्याध्यापिकांना द्यायला हे लिहिलंय:

'महोदया, वाढीव शुल्कामुळे आमच्या कुटुंबावर आर्थिक ताण येत आहे. माझ्या पगारात यंदा वाढ झालेली नाही. तरी आमच्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून ही वाढ मागे घ्यावी, ही नम्र विनंती.'

काही बदलू का?

समितीतली आई

दादा, हे पत्र देऊ नका. वाचून मला राग आला. तुमचा नाही, आपण सगळेच पालक असं लिहितो त्याचा. पैसे ते मागतायत, कारण त्यांनी द्यायचं, आणि आपण मात्र आपली पगाराची पावती काढून दाखवतोय. हे वाढीला हरकत घेणारं पत्र नाही, हा सवलतीचा अर्ज आहे. शाळा त्याला सवलतीच्या अर्जासारखंच उत्तर देईल: उत्पन्नाचा दाखला जोडा, विचार करू. मग तुम्हाला कदाचित हजार रुपये सुटतील, आणि वाढ सगळ्यांसाठी कायम होईल. शिवाय वाढ योग्य होती, फक्त तुम्हाला परवडत नव्हती, हे तुमच्याच सहीने लिहून दिल्यासारखं होईल.

तुमचा पगार दुप्पट झाला असता तरी ही वाढ चुकीचीच ठरली असती. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना २०११ चा शुल्क विनियमन कायदा लागू आहे, बोर्ड कुठलंही असो. त्यात फी ठरवायचा क्रम स्पष्ट आहे. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव शाळा सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा. समितीने मंजूर केलेली फी फलकावर लावायची. आणि ती फी दोन शैक्षणिक वर्षं बदलायची नाही. शाळा जूनमध्ये सुरू होत असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर हा *पुढच्या* जूनच्या फीची चर्चा करायचा काळ आहे. चालू वर्षाचा हप्ता वाढवायचा नाही. मला दाट शंका आहे की पुढच्या वर्षीचा आकडा त्यांनी आत्ताच वसुलीला लावलाय.

म्हणून पत्रात दोनच गोष्टी विचारा. कार्यकारी समितीने ही वाढ कोणत्या तारखेच्या सभेत मंजूर केली, आणि त्या ठरावाची प्रत कुठे आहे. ठराव नसेल तर पुढचं बोलणं शाळेला अवघड जाईल.

हिशेबनीस

मी एका छोट्या संस्थेच्या शाळेचे हिशेब सांभाळतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शाळा म्हणजे लुटारूंचा अड्डा असं धरूनच इथे सगळे बोलतात. आमच्याकडे खर्चाचा मोठा भाग शिक्षकांच्या पगारात जातो. राखीव २५ टक्के जागांवर आम्ही मुलं घेतो, त्यांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारने द्यायची असते. ती वेळेवर येत नाही. शिक्षकाला तर पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागतो. तो मी कुठून आणू? सरकारला कुणी पत्र लिहीत नाही, सगळी पत्रं शाळेलाच.

आणि ताई, सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय की विनाअनुदानित शाळेला वाजवी शिल्लक ठेवता येते.

समितीतली आई

वाजवी शिल्लक ठेवता येते आणि नफेखोरी करता येत नाही, हे दोन्ही त्याच २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात आहे. तुम्ही अर्धंच सांगितलंत. प्रतिपूर्ती थकते हे खरं आहे, आणि ते अन्यायाचं आहे. पण तो खड्डा नोव्हेंबरात अचानक पडत नाही. तुम्ही हिशेब लिहिता, तुम्हाला तो मार्चमध्येच दिसत असणार. मग तो प्रस्तावात मांडा. पगार, डागडुजी, थकबाकी, सगळं समितीसमोर आकड्यांत ठेवा. ॲपवर आकडा बदलून टाकणं म्हणजे मांडणं नव्हे.

दोन शाळांची वारी

आमच्याकडे बसचे पैसे वाढवले. दिवाळीनंतर थेट महिन्याला चारशे जास्त. मार्ग तोच, बस तीच, उलट थांबा लांब गेला. वाहतूक समितीची बैठक झाली का विचारलं तर मावशी म्हणाल्या, ऑफिसात विचारा. ऑफिस म्हणतं, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार फोन उचलत नाही. तेव्हा पत्राबित्राने काही होत नाही हो.

तिसरीतल्या मुलीचा बाबा

बस नाही, आम्ही मुलीला चालत सोडतो. ही शिकवणीचीच फी आहे.

मागच्या बाकावरून

मुद्द्यावर या. १५ टक्क्यांपर्यंत वाढ कायदेशीर आहे. ३६,००० वर ५,४०० म्हणजे बरोबर १५ टक्के. शाळेने वकिलाला विचारूनच आकडा काढलाय. पत्र देऊन तोंडघशी पडाल.

समितीतली आई

१५ टक्के हा शब्द कायद्यात आहे, पण तुम्ही सांगताय त्या जागी नाही. समितीने ठरवलेली फी आणि व्यवस्थापनाने मागितलेली फी यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर व्यवस्थापनाला विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागता येते. तो दाद मागायचा उंबरठा आहे. कुणालाही न विचारता १५ टक्के वाढवायची परवानगी नाही. समितीशिवाय केलेली २ टक्के वाढही नियमात बसत नाही.

आणि दादा, तुमचा आकडा नीट मांडा. वर्षाच्या ७२,००० वर ५,४०० म्हणजे साडेसात टक्के. शाळा उद्या 'फक्त साडेसात टक्के' म्हणेल, तुम्ही '१५ टक्के' म्हणाल, आणि सभा त्या वादात संपेल. पत्रात टक्के लिहूच नका. 'जूनमध्ये कळवलेली वार्षिक फी ७२,०००, आता मागितलेली ७७,४००' एवढंच लिहा.

मागच्या बाकावरून

बरं. उंबरठा असेल. पण आमच्या शाळेत सगळे १५ टक्केच म्हणतात, मुख्याध्यापकसुद्धा.

आठवीची आई

समिती समिती काय लावलंय? आमच्या शाळेत समितीतले पालक कोण आहेत हे कुणालाच माहीत नाही. एक विश्वस्तांचा भाचा आहे, एकाची बायको तिथेच शिकवते. चिठ्ठ्या काढायच्या असतात म्हणे. आम्ही चिठ्ठी पाहिलीच नाही.

हिशेबनीस

इच्छुकच मिळत नाहीत, चिठ्ठ्या कशाच्या काढणार? सूचना लावतो, शंभरांतून चार पालक येतात. फी वाढली की मात्र चारशे जण ग्रुपवर.

आठवीची आई

सूचना कुठे लावता? शिपायाच्या टेबलामागे? मी नोकरी करते, शाळेत सकाळी अकराला सभा ठेवली की मी कशी येणार?

समितीतली आई

ताईंचं खरं आहे, आणि हिशेबनीसांचंही थोडं आहे. प्रत्येक इयत्तेतून एक पालक, इच्छुकांमधून सोडत, निम्म्या जागा महिलांना, अशी रचना आहे. वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत संघ व्हायला हवा. प्रत्यक्षात काय होतं ते मी सांगते. मी समितीत होते तेव्हा पहिल्याच सभेत एक नोंदवही फिरली. वर 'उपस्थिती' लिहिलेलं, खाली सह्या, आणि मधली जागा कोरी. बाजूच्या पालकाने सही केली. मी म्हटलं, आधी विषय लिहा, मग सही. मुख्याध्यापक चिडले, 'तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?' महिनाभराने त्याच पानावर फी मंजुरीचा ठराव लिहिलेला होता. माझी सही नव्हती, म्हणून मला नक्कल मागता आली आणि विरोध नोंदवता आला.

म्हणूनच ठरावाची *प्रत* मागा म्हणते. 'समितीने मंजूर केलंय' या तोंडी वाक्यावर थांबू नका. प्रतीत सभेची तारीख, हजर सदस्य आणि मंजूर रक्कम दिसते. तारीख गेल्या आठवड्यातली निघाली, तर सहा महिने आधीच्या प्रस्तावाचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

मागच्या बाकावरून

म्हणजे तुमच्या समितीतही शेवटी ठराव झालाच. मग तुमच्या विरोधाने काय मिळालं?

समितीतली आई

वाढीव रकमेतली 'उपक्रम' म्हणून दाखवलेली रक्कम त्यांनी गाळली. बाकी राहिली. हो, बाकी राहिली. तुम्ही सही न वाचता करत असाल, मी करत नाही.

तिसरीतल्या मुलीचा बाबा

भांडू नका. पत्र परत लिहिलंय:

'महोदया, माझी मुलगी इयत्ता तिसरीत शिकते. जूनमध्ये आपण चालू वर्षाचे शुल्क ७२,००० रुपये असल्याचे कळवले होते. पावती व वेळापत्रकाची प्रत सोबत आहे. आता ॲपवर दुसऱ्या हप्त्याची मागणी ४१,४०० रुपये आहे. चालू वर्षासाठी मंजूर शुल्क, त्या मंजुरीच्या सभेची तारीख आणि कार्यकारी समितीच्या ठरावाची प्रत कृपया सात दिवसांत लेखी द्यावी. अशी मंजुरी नसल्यास ५,४०० रुपयांची वाढीव मागणी मागे घेऊन ॲपवरील रक्कम दुरुस्त करावी. तोपर्यंत ३६,००० रुपयांचा हप्ता मुदतीत भरत आहे.'

ॲप मात्र कमी रक्कम घेतच नाही. ४१,४०० किंवा काहीच नाही.

समितीतली आई

आता हे पत्र आहे. ॲप नाकारत असेल तर ३६,००० चा धनादेश पत्रासोबत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्या. पोच नाकारली तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. पोचेशिवाय 'फी थकवली' एवढंच त्यांच्या नोंदीत राहील.

आठवीची आई

आणि तोपर्यंत मुलीला वर्गात उभं केलं तर? आमच्याकडे फी न भरणाऱ्यांची नावं वर्गात वाचली होती. मुलगा दोन दिवस जेवला नाही. तुम्ही कायदा सांगता, पण त्याची किंमत मूल देतं. मी गुपचूप भरले.

समितीतली आई

तुम्ही भरलेत ते मला समजतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि मुलाला मानसिक त्रास द्यायला कलम १७ ची मनाई आहे. नाव वाचलं तर त्या दिवशीच, वेगळं पत्र. फीच्या पत्रात ते मिसळू नका. म्हणूनच ३६,००० वेळेवर भरा म्हणते. थकबाकीदार म्हणायला जागाच ठेवायची नाही.

हिशेबनीस

ठराव नसेल तर वाढ मागे घ्यावी लागेल, हे मान्य. आमच्याकडे असं झालं असतं तर मीच नको म्हटलं असतं. पण शाळेने सात दिवसांत उत्तर दिलं नाही तर हे एकटे काय करणार? नियामक समितीकडे जायला २५ टक्के पालक लागतात.

समितीतली आई

ती २५ टक्क्यांची अट समितीच्या *निर्णयाविरुद्ध* दाद मागायला आहे. इथे निर्णयच झाला नसेल तर दाद कशाविरुद्ध मागायची? माझ्या मते सरळ शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार, सोबत पोच घेतलेली प्रत.

हिशेबनीस

शिक्षणाधिकारी तुम्हाला नियामक समितीकडेच पाठवतील. मी पाहिलंय.

समितीतली आई

पाठवू देत. पण ते लेखी द्यायला सांगा.

तिसरीतल्या मुलीचा बाबा

वर्गातल्या अकरा पालकांनी हेच पत्र आपापल्या आकड्यांसह द्यायचं ठरवलंय. एकत्र सह्या नकोत म्हणाले, प्रत्येकाला स्वतःची पोच हवी आहे. सोमवारी देतोय. आठवीच्या ताई, तुमच्या भरलेल्या पावतीवर वाढीव रक्कम वेगळी दाखवली आहे का, एवढं बघून सांगाल?