दोन कुंडल्यांमधला ‘ॲस्पेक्ट’: दृष्टी की योग?

वरदा: पाश्चात्त्य पद्धतीच्या सिनॅस्ट्रीवर मराठीत लिहितेय. दोघांच्या कुंडल्या शेजारी ठेवून याचा शुक्र तिच्या मंगळापासून किती अंशांवर, याचा रवी तिच्या चंद्रापासून किती, हे बघण्याचा तो प्रकार. ‘ॲस्पेक्ट’ला मी सगळीकडे ‘दृष्टी’ लिहिलंय आणि आता तेच खटकतंय. काय लिहू?

गजाननकाका: दृष्टीच लिही. ग्रह ग्रहाकडे बघतो, एवढाच अर्थ आहे. नवा शब्द कशाला?

मृणाल: काका, आपल्याकडची दृष्टी एकतर्फी असू शकते. मंगळ आपल्यापासून चौथ्या घरातल्या शुक्राकडे बघतो, पण शुक्र उलटून मंगळाकडे बघत नाही. ॲस्पेक्ट म्हणजे दोघांमधलं अंशांचं अंतर. ते इकडून मोजा की तिकडून, तेवढंच. शिवाय तिथे रास ओलांडली म्हणून काही बिघडत नाही. एकाचा रवी मेषेच्या २८ अंशांवर आणि दुसऱ्याचा चंद्र वृषभेच्या २ अंशांवर असेल तर मध्ये चारच अंश आहेत, म्हणजे सरळ युती. वरदा, ‘योग’ लिही: शून्य अंशांना युती, ६० ला लाभयोग, ९० ला केंद्रयोग, १२० ला नवपंचम, १८० ला प्रतियोग. आणि किती अंशांची सूट द्यायची त्याला ‘दीप्तांश’ आहेच.

गजाननकाका: नवपंचमही राशी मोजूनच म्हणतात की! मग तो कसा चालतो?

मृणाल: हा मुद्दा मान्य. म्हणून मी पहिल्यांदा येईल तिथे ‘अंशात्मक नवपंचम’ लिहिते.

रोहन: मध्येच विचारतो, माफ करा. माझा चंद्र सिंहेत २७ अंश, तिचा कुंभेत २१. म्हणजे समोरासमोर, प्रतियोग. वर माझा रवी वृषभेत २९ अंशांवर, तो तिच्या चंद्राशी केंद्रयोग करतो. आमचं जमणारच नाही का?

मृणाल: तुमचे आकडे कुठून घेतलेत?

रोहन: माझे घरच्या पत्रिकेतून. तिचे एका पाश्चात्त्य वेबसाइटवरून.

मृणाल: मग घोळ तिथेच आहे. पत्रिका निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली; वेबसाइट सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली. दोन्हींत अयनांशांचा, म्हणजे सुमारे २४ अंशांचा फरक. दोघांचेही सायन घ्या किंवा दोघांचेही निरयन. योग जवळपास तेच राहतात, राशींची नावं तेवढी बदलतात. भेसळ केली की सगळंच खोटं. तुमच्या आकड्यांत २४ मिळवले की चंद्र कन्येत २१ आणि रवी मिथुनेत २३. आता रवी ते तिचा चंद्र १२२ अंश: तुम्हाला दिसलेला केंद्रयोग खरं तर नवपंचम आहे, दोनच अंशांचा फरक. तुमचा शुक्र कुठे आहे आणि तिचा मंगळ?

रोहन: शुक्र पत्रिकेत मेषेत १८. तिचा मंगळ वृश्चिकेत १४.

मृणाल: शुक्र सायन वृषभेत १२. मंगळाशी प्रतियोग, दोन अंशांत. भेसळीत हा तुम्हाला दिसलाच नसता. ओढ आणि खटके दोन्ही यातूनच वाचतात.

वरदा: थांबा, म्हणजे चंद्र-चंद्र बरोबर १५० अंशांवर आले. षडाष्टक!

रोहन: षडाष्टक म्हणजे उभा दावा ना?

मृणाल: बोलण्यात हो, ‘त्या दोघांचं षडाष्टक आहे’ म्हणतो आपण. पाश्चात्त्य वाचनात १५० अंश हा दुय्यम योग: दोघांच्या सवयींना एकमेकींचा पत्ता नसतो, सतत जुळवून घ्यावं लागतं. वैर नाही. म्हणून तिथे ‘षडाष्टक’ लिहायला माझा हात अडखळतो. वरदा, ‘१५० अंशांचा योग’ एवढंच लिही. रोहन, तिची जन्मवेळ पक्की आहे?

रोहन: माहीत नाही. दुपारी बारा टाकली होती.

मृणाल: मग चंद्राबद्दल हात आखडता घ्या. चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश चालतो. तो त्या जागेच्या सहा-सात अंश मागे किंवा पुढे असू शकतो, आणि १५० च्या योगाला सूट जेमतेम दोन-तीन अंशांची. तो राहील की नाही सांगता येत नाही. रवीशी नवपंचमाला सहा-आठ अंश चालतात, तो बहुतेक टिकेल. शुक्र-मंगळाला वेळेने फारसा फरक पडत नाही.

सुहास: रवी-चंद्राची जोडी जुनी आहे. प्राचीन ज्योतिषी टॉलेमीनेही जोडप्यांसाठी तीच धरली होती. मानसशास्त्रज्ञ युंगने १९५२ मध्ये ४८३ जोडप्यांवर आपला पडताळा छापला. पहिल्या तुकडीत चंद्र-रवीची युती उठून दिसली, पुढच्या तुकड्यांत ती विरली. एवढंच नोंदवून ठेवतो.

गजाननकाका: योग चालेल म्हणा. पण ‘सिनॅस्ट्री’ला काय लिहिणार?

वरदा: ‘कुंडली-तुलना’ लिहून खोडलंय. तुलना म्हटलं की कोण वरचढ ते विचारतात.

रोहन: तिच्या आईला वेळ विचारलीय. ‘सकाळी, पण उजाडलेलं नव्हतं’, एवढंच आठवतंय त्यांना.