ऑफिसच्या पीसीवर मेंटेनन्सची यादी कोरी

कुलकर्णी काका (ए-२०३): सोसायटी ऑफिसच्या पीसीवर क्रोममध्ये मेंटेनन्सची साइट उघडते, लॉगिनही होतं, पण फ्लॅटची यादी कोरी. फायरफॉक्समध्ये तीच साइट व्यवस्थित. साइटवाला म्हणतो, आमच्याकडे चालतंय.

मनीषाताई: माझ्या मोबाइलवर क्रोमच आहे, चालतंय की. कॅशे साफ करून बघा ना काका.

कुलकर्णी काका: केला. यादी आली नाहीच, वर सगळीकडे परत लॉगिन करत बसलो.

रोहित (सी-५०१): काका, वरच्या पट्टीत `chrome://version` टाका. आवृत्ती काय दिसते?

कुलकर्णी काका: १०९. खाली विंडोज ७ लिहिलंय.

रोहित: विंडोज ७ साठी क्रोम १०९ वरच थांबलं, २०२३ च्या सुरुवातीला. अपडेट कितीही दाबा, पुढे जाणार नाही. आता साइटवर लॉगिन करून F12 दाबा आणि Console मधली लाल ओळ पाठवा.

कुलकर्णी काका:
```
Uncaught TypeError: flats.toSorted is not a function
```

रोहित: सापडलं! `toSorted` मूळ यादीला हात न लावता क्रमाने लावलेली नवी यादी देतं. क्रोममध्ये ते ११० पासून आलं, म्हणजे आपलं एका आकड्याने हुकलं. फायरफॉक्समध्ये ११५ ला आलं, आणि विंडोज ७ वर चालणारं शेवटचं फायरफॉक्स नेमकं ११५ आहे. लॉगिनच्या पानाला हे लागत नाही, म्हणून तिथपर्यंत सुरळीत. यादी लावायला घेतली की स्क्रिप्ट तिथेच बंद पडते.

अमेय (बी-१०४): युजर एजंट बदलायचं एक्स्टेन्शन टाका, दोन मिनिटांचं काम.

रोहित: इथे नाही चालणार रे. युजर एजंट म्हणजे ब्राउझर साइटला आपली ओळख सांगतो ती ओळ: विंडोज कुठलं, क्रोम कितवं. काही साइट ती वाचूनच "ब्राउझर अपडेट करा" म्हणून दारातून परत पाठवतात. तिथे ओळ बदलून कधीकधी काम भागतं. इथे कोणी अडवलेलंच नाही. क्रोम १३० आहे असं सांगितलं तरी `toSorted` कुठून आणणार? आधार कार्डावर वय बदलून गुडघे थोडेच बरे होतात!

कुलकर्णी काका: गुडघ्यांचं नाव काढू नकोस. साइटवाल्याला काय सांगू?

रोहित: ती लाल ओळ जशीच्या तशी पाठवा, सोबत "विंडोज ७, क्रोम १०९" लिहा. नुसतं "चालत नाही" म्हटलं की तो स्वतःच्या नव्या क्रोमवर बघून मोकळा होतो. त्याला एवढंच बदलायचंय:
```
[...flats].sort(...)
```
कंसातलं आहे तसंच ठेवायचं. बाकी कुठे असंच नवीन काही वापरलं असेल तर पुढची लाल ओळ येईल, तीही पाठवा.

मनीषाताई: तोवर पावत्या?

रोहित: फायरफॉक्समधून काढा. पण सोसायटीच्या बँकेचं काम त्या पीसीवर नको. त्या विंडोजलाच सुरक्षा अपडेट येत नाहीत.

कुलकर्णी काका: नवीन पीसीचा विषय रविवारच्या मीटिंगला घेतो. कॉलेज रोडवरून कोटेशन कोण आणतंय?

अमेय: मी आणतो काका.