मदत हवी आहे: एंडोमेंट पॉलिसीचा वर्षाचा खरा परतावा कसा काढायचा?

मृणाल_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सांगलीत राहते. यजमानांच्या नावावर 20 वर्षांची बोनसवाली एंडोमेंट पॉलिसी आहे, जुलै 2019 मध्ये घेतलेली. विमा रक्कम 5 लाख, वर्षाचा हप्ता मुळात 25,000. आतापर्यंत सात हप्ते भरलेत, येत्या जुलैला आठवा. 2039 ला साधारण 10 लाख मिळतील असं सांगितलेलं आहे.

पॉलिसी मामासासऱ्यांनी काढून दिली. ते म्हणतात, "दामदुप्पट आहे, आणखी काय पाहिजे?" दीर म्हणतात, 5 लाखांवर 5 लाख नफा म्हणजे 100 टक्के, त्याला 20 ने भागलं की वर्षाला 5 टक्के. माझा भाऊ बँकेत आहे, तो म्हणतो 72 ला 20 ने भाग, परतावा फक्त 3.6 टक्के, बंद करून टाक. तिघांची तीन उत्तरं. खरा आकडा कोणता आणि तो मी स्वतः कसा काढू? एक्सेल थोडंफार येतं. यावरून घरात बोलणं व्हायचंय, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

मिरजेचा_शेखर

भावाचं आणि दिरांचं, दोघांचंही चुकतंय. 72 चा नियम पहिल्याच दिवशी सगळे 5 लाख एकरकमी ठेवले तर लागू होतो. तुम्ही ते 20 वर्षांत थोडे थोडे भरताय. शेवटचा हप्ता तर कंपनीकडे एकच वर्ष राहणार. त्यामुळे खरा परतावा 3.6 पेक्षा बराच जास्त येतो. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=RATE(20,-25000,0,1000000)
```

माझ्याकडे 6.77 टक्के आलं. हेच तुमचं उत्तर.

बेदाणा

तासगावहून. माझी मनीबॅक आहे, दर पाच वर्षांनी एक लाख हातात येतात. शेखरभाऊ, माझं पण काढून द्या की. 20 हप्ते 32,000 चे. फॉर्म्युल्यात ते मधले लाख कुठं घालायचे?

वसुधा_ग

मृणालताई, शेखररावांची दिशा बरोबर आहे, पण त्या सूत्रात शेवटचा 1 राहिलाय. मी बरीच वर्षं विम्याच्या हिशेबाचं काम केलंय, आणि ही चूक सगळ्यात जास्त दिसते. विम्याचा हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला जातो. 1 घातला नाही तर एक्सेल तो वर्षाच्या शेवटी भरला असं धरतं. म्हणजे प्रत्येक हप्त्याचं एक वर्ष हिशेबातून गळतं आणि परतावा फुगतो.

```
=RATE(20,-25000,0,1000000,1)
```

याचं उत्तर 6.22 टक्के. कधीकधी सेलमध्ये नुसतं 6% दिसतं, तेव्हा दशांश स्थळं वाढवून बघा. अर्ध्या टक्क्यावरच तर सगळा वाद असतो.

बेदाणाभाऊ, मधे पैसे मिळतात तिथे RATE चालत नाही. वर्षवार रांगा मांडून IRR लावावं लागेल. तुमचा बोनस आणि कोणत्या वर्षी किती मिळतं ते वेगळ्या धाग्यात लिहा, इथे दोन हिशेब एकमेकांत मिसळतील.

मृणालताई, तुम्हीही रांगाच मांडा, कारण तुमचे सगळे हप्ते सारखे नाहीत. पावत्या काढून बघा. पहिल्या वर्षी साडेचार टक्के जीएसटी असणार, म्हणजे 26,125. 2020 ते 2025 चे सहा हप्ते सव्वादोन टक्के जीएसटीसह 25,563 चे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, म्हणून या जुलैपासूनचे तेरा हप्ते 25,000 चे. खिशातून जे गेलं तेच हिशेबात धरायचं.

A1 मध्ये -26125, A2 ते A7 मध्ये -25563, A8 ते A20 मध्ये -25000, आणि A21 मध्ये 1000000. मग:

```
=IRR(A1:A21)
```

A1 म्हणजे जुलै 2019 आणि A21 म्हणजे जुलै 2039. रांगा 21 झाल्या पाहिजेत. शेवटचा हप्ता 2038 ला जातो आणि पैसे त्यानंतर वर्षभराने येतात. ते दोन्ही एकाच रांगेत घातले तर शेखररावांच्या सूत्रातली चूकच दुसऱ्या वाटेने परत येते. नीट मांडलंत तर उत्तर 6.1 टक्के येईल.

पडताळा घ्यायचा असेल तर 6.1 टक्क्यांनी पहिला हप्ता 20 वर्षं वाढवा, तो जवळजवळ 85,400 होतो. शेवटचा 25,000 चा हप्ता एक वर्ष वाढवा, 26,525 होतो. असे वीसही आकडे बेरजेला घेतलेत की 10 लाखांच्या आसपास येतं. या बेरजेत सुरुवातीच्या हप्त्यांचा वाटा किती मोठा आहे तेही डोळ्यांना दिसतं.

मिरजेचा_शेखर

1 चं पटलं. पण मग विमा संरक्षण? हप्त्यातला काही भाग 5 लाखांच्या जोखमीसाठी जातो. तो वजा न करता पीपीएफशी तुलना करणं पॉलिसीवर अन्याय आहे.

वसुधा_ग

मुद्दा रास्त आहे. समजा त्याच वयाला 5 लाखांचा नुसता टर्म विमा वर्षाला 1,500 ला मिळाला असता, तर ते 1,500 दर हप्त्यातून वजा करून परतावा काढता येतो. तो साधारण अर्धा टक्का वर जातो. पण 1,500 हा मी धरलेला आकडा आहे. खरा दर यजमानांचं वय, तब्येत आणि तंबाखूची सवय यांवर ठरेल. ज्या घराला 5 लाखांच्या विम्याची गरजच वाटत नाही, त्यांनी तो वजा का करावा, हाही प्रश्न आहेच. मी दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवते.

कराडचा_नितीन

माझी पण अशीच आहे, पण हप्ता महिन्याला. IRR लावलं तर 0.48 टक्के आलं! इतका कमी परतावा? मी तर हबकलोय.

वसुधा_ग

नितीन, रांगा महिन्याच्या मांडल्यास म्हणून उत्तरही महिन्याचं आलंय. वर्षाचं काढायला =(1+0.0048)^12-1 कर, 5.9 टक्के येईल.

मृणाल_विश्रामबाग

वसुधाताई, मांडलं, आणि 6.1 च आलं! फार आभार. आता पुढचं विचारते. हे 10 लाख नक्की आहेत का? आणि 6.1 म्हणजे पीपीएफच्या 7.1 पेक्षा कमीच, मग भावाचं ऐकून बंद करावी का?

वसुधा_ग

आधी 10 लाखांचं. तुमच्या बाँडवर हमी आहे ती 5 लाखांची आणि जाहीर होऊन पॉलिसीत जमा झालेल्या बोनसची. बोनस हजारी किती जाहीर होतोय ते बघा.

मृणाल_विश्रामबाग

हजारी 45 आहे, सातही वर्षं तेवढाच. मामांनी दिलेल्या कागदावर असं लिहिलंय: 5 लाख + 4.5 लाख बोनस + 50,000 अंतिम जादा बोनस.

वसुधा_ग

म्हणजे वर्षाला 22,500. सात वर्षांचे 1,57,500 झाले, ते कंपनीला आता परत घेता येत नाहीत. पुढच्या तेरा वर्षांचा बोनस कंपनी दरवर्षी ठरवणार. शिवाय हा बोनस साधा असतो, म्हणजे जमा बोनसवर पुन्हा बोनस चढत नाही. अंतिम जादा बोनस तर शेवटच्या वर्षी जे जाहीर होईल ते. म्हणून एकच उत्तर धरून बसू नका. अंतिम बोनस मिळालाच नाही तर 9.5 लाख, आणि परतावा 5.7 टक्के. पुढे दर हजारी 40 वर आला आणि अंतिम बोनसही नाही, तर 9,17,500, म्हणजे 5.4 टक्के.

बंद करण्याचा प्रश्न मात्र या आकड्यांनी सुटत नाही. 6.1 मध्ये भरून झालेले सात हप्ते आहेत, आणि ते परत जसेच्या तसे मिळणार नाहीत. आज सोडली तर हातात काय येईल ते शाखेतून लेखी घ्या. ती सरेंडर व्हॅल्यू म्हणजे तुमची आजची गुंतवणूक. तिथून पुढचा परतावा वेगळा काढायचा.

मृणाल_विश्रामबाग

शाखेत जाऊन आले. सरेंडर व्हॅल्यू 1,34,000. भरलेत 1,79,503! हप्ते थांबवून पेड-अप केली तर 2039 ला 3,32,500 मिळतील म्हणाले.

वसुधा_ग

पेड-अपचा आकडा जुळतो. 5 लाखांच्या 20 भागांपैकी 7 भाग 1,75,000, अधिक जमा बोनस 1,57,500. पुढचा बोनस मात्र बंद होतो.

आता नवी मांडणी. पहिल्या रांगेत 1,34,000 आणि आठवा हप्ता मिळून -159000. त्याखाली बारा रांगा -25000 च्या, शेवटी 1000000. IRR 8.6 टक्के येतं. 9.5 लाख धरले तरी 8.1, आणि 9,17,500 धरले तरी साडेसातच्या वर. पेड-अप केलीत तर 1,34,000 चे तेरा वर्षांत 3,32,500, म्हणजे 7.2 टक्के.

तुमचा हप्ता विमा रकमेच्या 10 टक्क्यांच्या आत आहे आणि यजमानांच्या इतर पॉलिसी नाहीत असं धरते. मग मुदतपूर्तीच्या रकमेवर आयकर नाही, त्यामुळे तुलना पीपीएफशी थेट होते. मुदत ठेवीशी करायची तर ठेवीचं व्याज कर वजा करून घ्या. आज हीच पॉलिसी कुणी नवी घेत असेल तर मी 6.1 सांगून नको म्हणेन. पण तुमच्या यजमानांनी सात वर्षांचा महागडा टप्पा ओलांडलाय. पुढचे हप्ते बिनओढीचे जात असतील तर मी चालू ठेवेन.

मिरजेचा_शेखर

ताई, मला हे पटत नाही. सोडून आलेले पैसे आणि पुढचे हप्ते 13 वर्षं इंडेक्स फंडात टाकले तर?

वसुधा_ग

तर जास्त होऊ शकतात, कमीही होऊ शकतात. 8.6 मधल्या मोठ्या रकमेमागे हमी आहे, फंडामागे नाही. ते मृणालताईंच्या घराने ठरवायचं.

मृणाल_विश्रामबाग

इतर पॉलिसी नाहीत. दोन्ही तक्ते छापून घेतलेत, रविवारी मामा येणार आहेत. त्यांना आधी 50,000 च्या अंतिम बोनसचं विचारणार. तो आकडा त्यांनी कुठून आणला ते त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. कुणाची 20 वर्षांची पॉलिसी गेल्या दोन-तीन वर्षांत पूर्ण झाली असेल तर अंतिम बोनस हजारी किती मिळाला, कृपया सांगा.

बेदाणा

माझ्या थोरल्या भावाची झालीय. कागद बघून सांगतो. आणि माझ्या मनीबॅकचा नवीन धागा काढलाय, वसुधाताई, जरा बघा.