मदत हवी आहे: इफ्तारच्या ऑर्डरची जाहिरात करतोय, तारीख आणि वेळ कशी छापावी?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नांदेडात आमचं छोटं हॉटेल आहे, व्हेज-नॉनव्हेज दोन्ही. येत्या रमजानमध्ये इफ्तारची पाकिटं आणि घरगुती व ऑफिसच्या दावतींच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलंय. आमचा बावर्ची हैदराबादेत शिकलेला आहे, त्याच्या हलीमला आत्तापासूनच विचारणा होतेय. डिझायनरनं पोस्टरवर टाकलं, "8 फेब्रुवारीपासून, रोज सायंकाळी साडेसहाला गरमागरम इफ्तार". खाली मुंबईच्या वेळापत्रकाचा फोटो. मला हे बरोबर वाटत नाही. चंद्र दिसल्याशिवाय महिना लागत नाही एवढं कळतं, पण मग बुकिंग कसं घ्यायचं? आणि वेळ काय छापायची? दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाचा रोजा आमच्या एका चुकीनं बिघडू नये, एवढीच काळजी आहे.

हुरडा:
एवढं अवघड काय त्यात? भिंतीवरच्या कॅलेंडरात रमजानची तारीख छापलेली असते. आमची चतुर्थी, एकादशी सगळी त्यावरच चालते. तीच छापा.

दस्तरख्वान:
हुरडा भाऊ, कॅलेंडरात असते ती अंदाजाची तारीख. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या 29 तारखेला मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, चांद दिसला तर दुसऱ्या दिवशी पहिला रोजा, नाही दिसला तर शाबानचे 30 पूर्ण करून मग. 2025 ला आखातात 1 मार्चला रोजे लागले, आपल्याकडं 2 मार्चला. तिकडच्या बातम्या बघून पोस्टर छापणारे एका दिवसानं चुकले असते.

गोदाकाठ ताई/दादा, आता तुमच्याकडं. 2027 चा पहिला रोजा 8 किंवा 9 फेब्रुवारीला धरून चला. दोन्ही बाजूंनी मोजून बघा. 8 ला सुरू झाला तर ईद 9 किंवा 10 मार्चला, 9 ला झाला तर 10 किंवा 11 ला. म्हणजे 9 फेब्रुवारी ते 8 मार्च हे 28 दिवस काहीही झालं तरी रोज्यांचेच. तिथली बुकिंग बिनधास्त घ्या. शंकेचे दिवस तीनच: 8 फेब्रुवारी, 9 मार्च आणि 10 मार्च. पोस्टरवर "चांद दिसल्यावर पहिल्या रोज्यापासून" एवढंच लिहा, तारीख नको.

मधल्या दिवसांची बुकिंग मात्र तारखेनं घ्या, रोज्याच्या नंबरानं नको. गिऱ्हाईक म्हणालं, "पंधराव्या रोज्याला चाळीस माणसं", तर तो 22 फेब्रुवारीही असू शकतो आणि 23 ही. तारीख विचारा, वार विचारा, वहीत तेच लिहा. सत्ताविसाव्या शबची ऑर्डर आली तर आणखी जपा. ती रात्र सव्विसाव्या रोज्याच्या इफ्तारनंतर सुरू होते. बाहेरचे बरेच केटरर ती दुसऱ्या दिवशी धरतात आणि देग एक दिवस उशिरा चढते.

गोदाकाठ:
ताईच म्हणा. हे तीन दिवसांचं डोक्यातच आलं नव्हतं. मग 9 मार्चची ऑर्डर आली तर माल भरू का नको?

दस्तरख्वान:
ताई, तेल, डाळ, मसाला, खजूर आधी भरून ठेवा, ते वाया जात नाही. गहू आणि मटण मात्र घोषणेनंतर. शंकेच्या आदल्या रात्री मगरिबनंतर चांद कमिटीचा निरोप येईपर्यंत हलीमचा गहू भिजत घालू नका. निरोप कधी पटकन येतो, कधी बाहेरच्या गावांची गवाही तपासेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. तरी पुढच्या इफ्तारपर्यंत जवळजवळ एक दिवस हातात असतो. नऊला गहू भिजवला आणि सकाळी देग चढवली तरी घोटायला वेळ पुरतो. खाटकाला मात्र आधीच सांगून ठेवा, "चांद नाही दिसला तर सकाळी एवढं मटण लागेल". चांदरातीला ऐनवेळी त्याच्याकडं उभं राहायलाही जागा नसते.

परभणीकर:
माझी मेस आहे, पोरं सेहरीचा डबा मागतात, पहाटे तीनला उठावं लागतं. सेहरीसाठी काय ठेवावं? चपाती कडक होते.

हुरडा:
परभणीकर, तो वेगळा धागा काढा की.

गोदाकाठ:
वेळेचं सांगा ना कुणीतरी. साडेसहा छापू का?

दस्तरख्वान:
साडेसहा नको, मुंबईचं वेळापत्रक तर मुळीच नको. नांदेडात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अठरा मिनिटं आधी मावळतो. मुंबईची वेळ धरली तर इथं अजान होऊन गेली तरी तुमची पाकिटं बंदच. उलटं जास्त वाईट: नांदेडची वेळ संभाजीनगरच्या पाहुण्याला दिली तर तो सात-आठ मिनिटं आधीच रोजा सोडेल आणि तो रोजा गेला. तुमचा बावर्ची हैदराबादचं कार्ड भिंतीला लावेल, तेही काढायला सांगा. तिथला सूर्यास्त आपल्यापेक्षा दोन-चार मिनिटं आधी असतो. तेवढ्या मिनिटांनीही रोजा मोडतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नांदेडचा सूर्यास्त महिन्याभरात सव्वासहाच्या पुढून सरकत साडेसहाच्या जवळ येतो. पोस्टरवर लिहा, "रोजच्या इफ्तारची वेळ आपल्या मशिदीच्या वेळापत्रकाप्रमाणे". आतल्या कामासाठी गल्लीतल्या मशिदीचं कार्ड आणा आणि त्यावरून डिलिव्हरीची वेळ मागं मोजा. खजूर, फळं, पाणी, भजी असलेलं पाकीट अजानच्या अर्धा तास आधी दारात. गरम बिर्याणी त्याच वेळी नको, गार होते. लोक खजुरावर रोजा सोडतात, मगरिबची नमाज पढतात, मग जेवायला बसतात. दावत असेल तर देग नमाजनंतर पंधरा-वीस मिनिटांनी उघडा. रात्रीच्या इशा आणि तरावीहच्या नमाजआधी मंडळी मोकळी झाली पाहिजेत.

गोदाकाठ:
आमची डिलिव्हरीची दोन पोरं रोजे धरणारीच आहेत. अजानच्या वेळी ती रस्त्यावर असतील तर?

दस्तरख्वान:
म्हणूनच अर्धा तास आधी म्हटलं. शेवटची फेरी वेळेआधी संपवा आणि तरी प्रत्येकाच्या पिशवीत खजूर, पाण्याची बाटली द्या. अडकलाच कुठं तर गाडी बाजूला घेऊन रोजा सोडेल. ऑर्डरी जास्त झाल्या तर जास्तीच्या नाकारा, पोरांना घाई लावू नका.

तुमच्या डिझायनरला आणखी एक सांगा. डब्यावर किंवा टिश्यूवर आयत, बिस्मिल्ला छापू नका. तो डबा शेवटी कचऱ्यात जातो आणि लोकांना वाईट वाटतं. "रमजान मुबारक" पुरे. आणि मटण हलाल असल्याचं छापायचं तर कुठल्या दुकानातून येतं हे विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. व्हेजची भांडी वेगळी असतील तर तेही लिहा, ऑफिसच्या दावतीत दोन्ही लोक असतात.

गोदाकाठ:
हो, हे सगळं पटलं. पोस्टर परत टाकते. एक प्रश्न राहिला, 9 आणि 10 मार्चच्या बुकिंगचा ॲडव्हान्स घेऊ का?

परभणीकर:
घ्या आणि परत करायचा नाही असं छापा. धंदा आहे.

दस्तरख्वान:
मी तसं करत नाही. चांद दिसला तर पैसे परत, नाहीतर तेवढ्याच रकमेचा ईदचा शीरखुर्मा, गिऱ्हाईक ठरवेल. पण माझ्याकडं तीस-चाळीस माणसांच्याच ऑर्डर असतात. तीनशे माणसांची दावत असेल तर मंडप, भांडी सगळं ठरलेलं असतं, तिथं पूर्ण पैसे परत देणं परवडेल का, मला सांगता येणार नाही.

जालना_रोड:
उशिरा आलोय, पण एक गोष्ट. आमच्याकडं संभाजीनगरात बोहरा गिऱ्हाईकं बरीच आहेत. त्यांचं कॅलेंडर ठरलेलं असतं, चांदची वाट पाहत नाहीत, त्यामुळे बहुतेक वेळा त्यांचे रोजे एक-दोन दिवस आधी लागतात. "पहिल्या रोज्यापासून" असं छापलं तर ते आधीच फोन करतील. तुमच्याकडं तसे गिऱ्हाईक आहेत का ताई?

गोदाकाठ:
दोन घरं आहेत, नेहमी येतात. त्यांनाच विचारते, त्यांचा पहिला रोजा कधी आणि वेळ कुठल्या पत्रकानं धरायची.